पुसट वजाचिन्ह

अकरावीच्या कोनिक सेक्शनचं गणित मोबाइलवर फोटो होऊन येतं तेव्हा ते आधी वाचावं लागतं आणि मग सोडवावं लागतं. सोडवायची रीत पुस्तकात आहे, वर्गात फळ्यावर आम्ही ती शिकवतोच. वाचायची रीत मात्र कुणी शिकवत नाही. छापील पान हातात असताना तिची गरजही पडत नव्हती. आता पडते.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवते. आमची बरीच मुलं आसपासच्या गावांतून एसटीनं येतात. तास संपले की त्यांना गाडी गाठायची असते, त्यामुळे शंका विचारायला कुणी थांबत नाही. त्या शंका रात्री जेवणं झाल्यावर व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. पुस्तकाच्या पानाचा फोटो असतो, क्लासच्या नोट्सच्या झेरॉक्सचा असतो, कधी मित्रानं पाठवलेल्या फोटोचा पुन्हा काढलेला फोटो असतो. खाली एकच ओळ असते : ‘मॅडम, उत्तर जुळत नाही.’

उत्तर का जुळत नाही याचं कारण मुलाच्या वहीत असेल असं धरून आपण वही मागतो. वहीतल्या पायऱ्या बघाव्यात तर सगळ्या बरोबर. मग पुन्हा फोटोकडे यावं लागतं. इतर धड्यांपेक्षा हा प्रकार कोनिक सेक्शनमध्ये जास्त जाणवतो. त्याचं कारण या समीकरणांच्या बांधणीत आहे. पाच-सहा पदं एका ओळीत, प्रत्येकापुढे एक चिन्ह, दोन ठिकाणी वर बारीक घातांक, आणि शेवटी एक मोकळी संख्या. यातलं प्रत्येक चिन्ह उत्तरातली एखादी जागा ठरवतं. आणि झेरॉक्समध्ये सगळ्यांत आधी जातं ते नेमकं यातलंच काहीतरी. वजाचिन्ह ही पानावरची सगळ्यांत बारीक आडवी रेघ. झेरॉक्सची झेरॉक्स काढली की ती तुटते, कधी पूर्ण उडते. घातांकातला 2 शाईनं भरून ठिपका होतो. 3 आणि 8 एकमेकांसारखे दिसायला लागतात. पान बांधणीजवळ वळलेलं असेल तर ओळीची सुरुवात किंवा शेवट सावलीत जातो, आणि स्थिरपद बहुतेक वेळा ओळीच्या शेवटीच असतं.

एका मुलीनं पाठवलेलं एलिप्सचं गणित सांगते. एलिप्स म्हणजे मराठी पुस्तकांतलं विवृत्त. छापलेलं समीकरण असं होतं :

9x² + 4y² − 36x + 24y + 36 = 0

फोकस आणि व्हर्टेक्स काढायचे होते. तिनं लिहिलं होतं, ‘मॅडम, उजवीकडे मायनस येतंय, पुढं जाताच येत नाही.’ वहीतल्या पायऱ्या स्वच्छ होत्या. x ची पदं एकत्र घेऊन 9(x² − 4x), y ची एकत्र घेऊन 4(y² + 6y). मग दोन्हींचे पूर्ण वर्ग. x² − 4x मध्ये 4 मिळवले की (x − 2)² होतो, पण कंसाबाहेर 9 असल्यामुळे प्रत्यक्षात 36 मिळवले गेले. y² + 6y मध्ये 9 मिळवले की (y + 3)² होतो, आणि बाहेर 4 असल्यामुळे तिथेही 36 च मिळवले गेले. म्हणजे डावीकडे दोन वर्ग आणि उजवीकडे 72 वजा स्थिरपद. बाहेरच्या सहगुणकानं गुणायचं विसरणं ही इथली नेहमीची चूक, ती तिनं केली नव्हती. पण स्थिरपद तिनं 86 वाचलं होतं. 72 मधून 86 गेले की −14 उरतात :

9(x − 2)² + 4(y + 3)² = −14

दोन वर्गांची, धन सहगुणकांनी गुणलेली बेरीज ऋण असूच शकत नाही. अशी वक्ररेषा कागदावर काढायला एकही बिंदू मिळणार नाही. तिला हे जाणवलं होतं म्हणूनच ती थांबली होती, आणि ते थांबणं अगदी योग्य होतं. मी तिला एवढंच सांगितलं की पायऱ्या तपासू नकोस, शेवटचा आकडा तपास. पानावरचा 3 शाईनं भरून 8 झाला होता.

36 घेतल्यावर उजवीकडे 36 च येतात, आणि सगळ्याला 36 नं भागलं की

(x − 2)²/4 + (y + 3)²/9 = 1

केंद्र (2, −3). यापुढे एक ठिकाण असं आहे जिथे हुशार मुलंही घसरतात. वर्गात सुरुवातीला जो एलिप्स शिकवतात तो आडवा असतो, मोठा छेद x खाली असतो, आणि फोकस (±ae, 0) हे डोक्यात पक्कं बसतं. इथे मोठा छेद y खाली आहे. एलिप्स उभा आहे. पाठ केलेल्या सूत्रात x खालच्या छेदातून y खालचा छेद वजा करायला गेलं तर 4 − 9 = −5 येतात आणि त्याचं वर्गमूळ घ्यायची पाळी येते. तिथे मुलं निमूटपणे वजाचिन्ह टाकून देतात आणि √5 घेऊन x मध्ये मिळवतात. संख्या बरोबर, दिशा चुकीची. म्हणून मी मुलांना सूत्राआधी एक प्रश्न विचारायला सांगते : मोठा छेद कुणाखाली? ज्याच्याखाली मोठा छेद, त्याच दिशेनं फोकस. इथे ती दिशा y ची. केंद्रापासून वर आणि खाली √5 जायचं, म्हणजे फोकस (2, −3 + √5) आणि (2, −3 − √5). व्हर्टेक्स केंद्रापासून 3 अंतरावर, (2, 0) आणि (2, −6).

हे ताडून बघायला सूत्र लागत नाही. एलिप्सवरच्या कुठल्याही बिंदूपासून दोन्ही फोकसच्या अंतरांची बेरीज सारखीच, इथे 6. बाजूचं टोक (4, −3) घ्या. तिथून प्रत्येक फोकसपर्यंत आडवं अंतर 2 आणि उभं √5, म्हणजे सरळ अंतर √(4 + 5) = 3. दोन्ही मिळून 6. फोकस आडव्या दिशेला टाकले असते तर हा ताळा लगेच बिघडला असता.

या गणितातली एक गोष्ट मला फोटोंच्या नादानंच नीट दिसली. समजा त्या मुलीनं 36 ऐवजी 30 वाचले असते. तर उजवीकडे 42 आले असते, एलिप्स व्यवस्थित निघाला असता, फक्त छेद 42/9 आणि 42/4 असे ओबडधोबड आले असते. पण केंद्र (2, −3) च राहिलं असतं. आकारसुद्धा तोच राहिला असता, कारण e² = 1 − 4/9 = 5/9 ही किंमत पहिल्या दोन सहगुणकांवरूनच ठरते, तिचा स्थिरपदाशी संबंध नाही. स्थिरपद फक्त एलिप्स किती मोठा हे ठरवतं. 72 पेक्षा कमी असेल तर एलिप्स, बरोबर 72 असेल तर नुसता एक बिंदू, 72 च्या वर गेलं की काहीच नाही. म्हणजे फोटोतला शेवटचा आकडा पुसट असला तरी अर्धं उत्तर आपल्या हातात असतं, आणि तो आकडा कुठल्या मर्यादेपलीकडे नसणार हेही कळतं. एलिप्स वाचणाऱ्याला इतकी मदत स्वतःहून करतो.

पॅराबोला, म्हणजे अन्वस्त, अशी मदत करत नाही. माझ्या मते फोटोवरून येणाऱ्या गणितांत सगळ्यांत धोक्याचं गणित हेच.

बार्शीकडच्या एका मुलानं क्लासच्या नोट्सच्या झेरॉक्सचा फोटो पाठवला होता. पहिली तीन पदं स्पष्ट होती, y² − 4y − 8x. त्यानंतर एक लहानशी रेघ, मग 28, मग = 0. ती रेघ अधिक होती की वजा, हे सांगता येत नव्हतं. अधिकचिन्हाची उभी रेघ उडाली असेल तर उरलेलं चिन्ह वजासारखंच दिसतं. मुलानं वजा धरलं होतं.

वजा धरून गणित असं जातं. y ची पदं डावीकडे ठेवून y² − 4y = 8x + 28. दोन्हीकडे 4 मिळवले की (y − 2)² = 8x + 32, म्हणजे (y − 2)² = 8(x + 4). व्हर्टेक्स (−4, 2). 4a = 8 म्हणून a = 2, आणि पॅराबोला उजवीकडे उघडतो म्हणून फोकस (−2, 2). डायरेक्ट्रिक्स x = −6. कुठेही अपूर्णांक नाही, कुठेही वर्गमूळ नाही. अगदी पुस्तकी उत्तर.

आता अधिक धरून. y² − 4y = 8x − 28, दोन्हीकडे 4 मिळवून (y − 2)² = 8x − 24 = 8(x − 3). व्हर्टेक्स (3, 2), फोकस (5, 2), डायरेक्ट्रिक्स x = 1. हेही तितकंच स्वच्छ.

दोन्ही वाचनं निर्दोष दिसतात, आणि त्यातलं एकच छापलेलं आहे. पॅराबोलाच्या समीकरणात स्थिरपद बदललं की वक्र फक्त अक्षाच्या दिशेनं सरकतो. तो लहान-मोठा होत नाही, नाहीसा तर कधीच होत नाही. कुठलाही आकडा वाचा, पॅराबोला मिळणारच. एलिप्स ज्या ठिकाणी ‘असं असू शकत नाही’ म्हणून अडवतो, तिथे पॅराबोला गप्प राहतो. आकडाच चुकला असेल तर कधीकधी उत्तर विचित्र येऊन शंका येते. उदाहरणार्थ अधिक धरून 28 चे 23 वाचले तर व्हर्टेक्सचा x निर्देशक 19/8 येतो आणि पुस्तकातलं गणित असं नसेल असं वाटायला लागतं. पण तो नुसता संशय असतो, पुरावा नव्हे. चिन्ह उलटलं तर तोही संशय येत नाही.

मुलानं पुस्तिकेच्या मागचं उत्तर बघितलं होतं. तिथे फक्त लेटस रेक्टमची लांबी दिली होती, 8. ती जुळली म्हणून तो निर्धास्त होता, आणि वर्गातल्या दुसऱ्या मुलीचा फोकस वेगळा आला म्हणून त्यानं मला विचारलं होतं. लेटस रेक्टम 4a असतो, तो x च्या सहगुणकावरून येतो. स्थिरपद काहीही असलं तरी तो 8 च राहणार. म्हणजे जो ताळा त्यानं घेतला त्यातून हा घोटाळा सापडणं शक्यच नव्हतं. त्यानं दुसराही ताळा घेतला होता. आलेला व्हर्टेक्स (−4, 2) समीकरणात परत घालून 4 − 8 + 32 − 28 = 0 करून दाखवलं होतं. मेहनती मुलगा. पण हा ताळा आपण वाचलेल्या समीकरणाशी असतो, छापलेल्या समीकरणाशी नव्हे. सोडवताना झालेली चूक तो पकडतो, वाचताना झालेली पकडत नाही. पुढे पर्यायांच्या परीक्षेत तर हे जास्तच अडचणीचं होतं. पर्याय काढणारा माणूस चिन्हाच्या चुकीतून जे उत्तर निघतं तेच एखाद्या पर्यायात बसवतो. (5, 2) आणि (−2, 2) दोन्ही समोर छापलेले असतील तर ‘माझं उत्तर पर्यायात आहे’ याला काही अर्थ उरत नाही.

मग ठरवायचं कसं? मी त्याच फोटोत त्याच ओळीतली बाकीची वजाचिन्हं मोठी करून बघितली. 4y च्या आधीची रेघ आणि 8x च्या आधीची रेघ सारख्या लांबीच्या, सारख्या जाडीच्या होत्या. 28 च्या आधीची रेघ मधोमध किंचित फुगलेली होती, आणि तिच्या वर एक कणभर ठिपका होता. उभ्या रेघेचा तो उरलेला अंश असावा असं वाटलं. पण ‘वाटलं’ यावर उत्तर द्यायचं नाही हा माझा नियम आहे. त्याला म्हटलं, ‘ज्याच्याकडे मूळ पुस्तिका आहे त्याच्याकडून हीच ओळ मागव.’ दुसऱ्या दिवशी कॉलेजात तो मूळ पान घेऊन आला. अधिक होतं. फोकस (5, 2).

प्रश्नाचे शब्दही अशा वेळी उपयोगी पडतात, आणि मुलं ते वाचतच नाहीत. समीकरण दिसलं की थेट सोडवायला घेतात. घातांक पुसट असेल तेव्हा तर समीकरणाआधी प्रश्नच वाचला पाहिजे. वरच्या एलिप्समध्ये 4y² चा घातांक उडाला तर उरलेलं समीकरण 9x² + 4y − 36x + 24y + 36 = 0 असं दिसेल. y ची दोन पदं एकाच जातीची, 4y आणि 24y वेगवेगळी छापलेली. कुणीही शहाणा पेपर काढणारा ती वेगळी ठेवणार नाही, एकत्र करून 28y लिहील. हीच घातांक हरवल्याची खूण. आणि प्रश्नात दोन फोकस मागितले असतील तर तो पॅराबोला नाहीच, कारण पॅराबोलाला फोकस एकच. डायरेक्ट्रिक्स एकच मागितली असेल, अक्षाचं समीकरण मागितलं असेल, तर पॅराबोला समजावा. x² आणि y² यांच्यामधलं वजाचिन्ह उडालं असेल तर हायपरबोलाचा एलिप्स होतो, आणि तिथे दोन फोकस दोघांनाही असतात, म्हणून ती खूण पुरत नाही. तिथे e बद्दल काही दिलंय का बघावं. 1 पेक्षा मोठा e एलिप्सचा नसतो.

समीकरण नसून आकृतीच दिलेली असते तेव्हा वाचनाची अडचण वेगळ्या वाटेनं येते.

एका मुलानं आलेख कागदावर काढलेल्या एलिप्सचा फोटो पाठवला होता. टेबलावर पुस्तक ठेवून समोरून तिरका काढलेला. त्यानं तो संगणकावर मोठा करून पट्टी लावली, लांबी आणि उंची मोजली, लांबी उंचीच्या दुप्पट भरली. दुप्पट म्हणजे e = √3/2, साधारण 0.87. आडवं टोक 5 वर होतं म्हणून फोकस (4.33, 0) आणि (−4.33, 0). गणित त्यानं मन लावून केलं होतं. पण त्याच फोटोत आलेखाचे चौकोन दिसत होते आणि एलिप्स आडव्या अक्षाला 5 व उभ्या अक्षाला 3 या ठिकाणी छेदत होता. 25 − 9 = 16, म्हणून फोकस (4, 0) आणि (−4, 0). उभी उंची फोटोत दबली होती, कारण कॅमेरा पानाच्या वर नव्हता, पुढे होता.

तिरप्या फोटोचा परिणाम किती मोठा असतो हे मी त्या मुलाच्या वर्गाला करून दाखवलं. 5 आणि 3 असे अर्ध-अक्ष असलेला एलिप्स पुठ्ठ्यावर काढला आणि उभ्या अक्षाभोवती पुठ्ठा हळूहळू वळवला. लांबून बघणाऱ्याला आडवी लांबी कमी होत जाते. साधारण ५३ अंशांना ती 5 वरून 3 इतकी दिसायला लागते, कारण त्या कोनाचा कोसाइन 0.6 असतो. त्या क्षणी मागच्या बाकावरून तो एलिप्स चक्क वर्तुळ दिसतो. वर्तुळाचे दोन्ही फोकस केंद्रातच असतात. म्हणजे नुसत्या दिसण्यावर विसंबलं तर बघायच्या कोनानुसार फोकस 4 वरून शून्यापर्यंत कुठेही नेता येतात.

यात काय बदलतं आणि काय टिकतं याचा विचार फ्रान्समध्ये जिरार देझार्गनं १६३९ मध्ये मांडला, आणि पुढच्याच वर्षी सोळा वर्षांच्या ब्लेझ पास्कालनं शंकुच्छेदांवरचं आपलं छोटं टिपण छापलं. तेव्हा कॅमेरा नव्हता. चित्रकार तिरपी फरशी, कमानी, वर्तुळाकार खांब कागदावर कसे उतरवतात, हा त्यांच्यासमोरचा प्रश्न होता. आमच्या फोटोंना तोच लागू पडतो. प्रक्षेपात लांबी बदलते, कोन बदलतात, मध्यबिंदू मध्यावर राहत नाही. फोकस आणि व्हर्टेक्स ही लांबी-कोनांवर ठरणारी ठिकाणं, त्यामुळे फोटोतल्या वक्राचा फोकस म्हणजे मूळ वक्राच्या फोकसचा फोटो नव्हे. तिरप्या फोटोत पॅराबोलासुद्धा नेमका पॅराबोला राहत नाही. दिसणारी रेषा एखाद्या एलिप्सचा तुकडा असू शकते. आपल्या कामापुरतं टिकतं ते एवढंच : सरळ रेषा सरळ राहते, आणि वक्र ज्या बिंदूतून जातो त्या बिंदूतून फोटोतही जातो. आलेखाची जाळी आणि वक्र दोन्ही एकत्रच वाकडे होतात. म्हणून पट्टी लावायची नाही, चौकोन मोजायचे.

मुलांकडून मी हे एका पॅराबोलावर करून घेते. आकृतीत वर उघडणारा वक्र आहे. तो जाळीच्या कुठल्या छेदबिंदूंतून नेमका जातो ते शोधायचं. समजा (0, 2), (4, 2), (−2, 5), (6, 5) सापडले. सारख्या उंचीवरच्या जोड्या घ्या. 0 आणि 4 च्या मध्ये 2, −2 आणि 6 च्या मध्येही 2. दोन्ही जोड्या एकच आकडा देतात म्हणून अक्ष x = 2. या रेषेवर वक्राचं सगळ्यांत खालचं टोक (2, 1). हा व्हर्टेक्स. आता हा वक्र खरंच पॅराबोला आहे, की एलिप्सचा खालचा भाग, हे बघायचं. अक्षापासून 2 अंतरावर वक्र 1 नं चढला. अंतर दुप्पट केलं, 4 वर, तर चढ चौपट व्हायला हवा. (6, 5) वर चढ 4 आहे. चौपटच. एलिप्स असता तर तो चौपटीहून जास्त चढला असता, कारण त्याला बाजूला गेल्यावर उभं होऊन परत वळायचं असतं.

मग (x − 2)² = 4a(y − 1) मध्ये (6, 5) घातलं की 16 = 16a, a = 1. समीकरण (x − 2)² = 4(y − 1). फोकस व्हर्टेक्सच्या वर 1 अंतरावर, (2, 2). डायरेक्ट्रिक्स खाली 1 अंतरावर, y = 0, म्हणजे खुद्द x-अक्ष. हे फार सुरेख गणित आहे, कारण ताळा डोळ्यांनी दिसतो. (6, 5) पासून डायरेक्ट्रिक्सपर्यंतचं अंतर त्याच्या उंचीइतकं, 5. फोकसपर्यंतचं अंतर √(16 + 9) = 5. आणि (0, 2), (4, 2) हे बिंदू फोकसच्या आडव्या रेषेवरच आहेत, त्यांच्यातलं अंतर 4, जे 4a इतकं. जाळीवरचे बिंदू बरोबर वाचले असतील तर हे सगळं एकमेकांना धरून राहतं. एखादा बिंदू चुकीचा वाचला असेल तर मध्याची नाहीतर चौपटीची परीक्षा फसते. समीकरणाच्या फोटोत गप्प राहणारा पॅराबोला जाळीच्या फोटोत बोलता होतो तो असा. उभ्या अक्षाच्या पॅराबोलासाठी तीन बिंदू पुरतात आणि आपल्याकडे व्हर्टेक्स धरून पाच आहेत. जास्तीचे बिंदू हेच साक्षीदार.

जाळी नसेल, नुसता वक्र आणि त्यावर दोन-तीन आकडे लिहिलेले असतील, तर आकृतीकडे बघूच नये. ते आकडे घ्यावेत आणि आकृती विसरावी. पुस्तकातली आकृतीही बऱ्याचदा प्रमाणात काढलेली नसते, फोटो सरळ असला तरी.

अकरावीच्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना माझं सांगणं एवढंच. पान सपाट ठेवा, बांधणीजवळचा भाग हातानं दाबा, फोन पानाच्या बरोबर वर धरा. फ्लॅश बंद ठेवा, गुळगुळीत कागदावर तो नेमका समीकरणावर चमकतो. पातळ कागदाच्या मागची अक्षरं दिसत असतील तर पानाखाली काळा कागद सरकवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि बारीक चिन्हं आणखी पुसट होतात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फक्त समीकरणाची ओळ कापून पाठवू नका, प्रश्नाचे शब्द, पर्याय आणि आकृती सगळं येऊ द्या. आणि फोटोच्या खाली ते समीकरण स्वतःच्या हातानं, चिन्हं ठळक काढून, एकदा लिहून पाठवा. तुम्ही काय वाचलंत ते मला त्याच ओळीत कळतं.